एआयने बनवलेला डोंगर ‘प्लास्टिक’चा का दिसतो? ग्रेन आणि डिटेल लेयरने त्यात नेमके काय बदलते?

लग्नाचा हंगाम उन्हाळ्यात आणि डोंगर हिरवे पावसाळ्यात, ही शहापूर-मुरबाडमधल्या फोटो स्टुडिओंची जुनी अडचण आहे. मे महिन्यात माहुली, सिद्धगड, गोरखगड तपकिरी पडलेले असतात. माळशेज घाटातले धबधबे आटलेले असतात. अल्बममध्ये मात्र नवरा-नवरीच्या मागे ओली हिरवळ आणि ढगात शिरलेले सुळके हवे असतात. आता एआयला दोन ओळी लिहून दिल्या की अशी पार्श्वभूमी काही सेकंदांत मिळते.

मोबाइलच्या स्क्रीनवर ती छान दिसते. तोच फोटो अल्बमच्या पानावर छापला, की मागचा डोंगर मेणाचा आणि गवत प्लास्टिकच्या चटईसारखे दिसू लागते. माणसे खरी आणि मागचे जग खोटे, असा तो फोटो होतो. हे का होते आणि ते कसे सुधारता येते, ते एका उदाहरणातून पाहू.

एआयच्या चित्रात नेमके काय कमी असते?

दोन गोष्टी कमी असतात आणि त्या वेगवेगळ्या आहेत. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रेन. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश एकसारखा पडत नाही, तो कणाकणाने येतो. त्यामुळे अगदी सपाट भिंतीचा फोटो काढला तरी शेजारच्या दोन पिक्सेलची उजळता किंचित वेगळी येते. हा बारीक रवाळपणा प्रत्येक खऱ्या फोटोत असतो. अनेक एआय मॉडेलची पद्धत बरोबर उलटी आहे. ती सुरुवातच रवाळ गोंधळापासून करते आणि टप्प्याटप्प्याने तो काढून टाकत चित्र घडवते. शेवटी उरलेले आकाश गुळगुळीत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे वस्तूचा स्वतःचा पोत, म्हणजे कातळाच्या भेगा, शेवाळ, गवताची पाती. अनेक एआय मॉडेल चित्र थेट पिक्सेलमध्ये बनवत नाहीत. उदाहरणार्थ, २०२२ मध्ये आलेले ‘स्टेबल डिफ्यूजन’ ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे चित्र आधी ६४ बाय ६४ च्या संक्षिप्त रूपात घडवते आणि मग ते फुलवते. त्यात मोठे आकार टिकतात, पण बारीक तपशील अंदाजाने भरला जातो. त्यात भर म्हणजे हे चित्र बहुतेकदा हजारेक पिक्सेल रुंद असते. अल्बमच्या १२ बाय ८ इंची पानाला ३०० डीपीआयने ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. म्हणजे चित्र साडेतीन पट ताणले जाते आणि उरलासुरला पोतही पसरून जातो.

म्हणून नुसता ग्रेन टाकून काम भागत नाही. मेणाच्या डोंगरावर ग्रेन टाकला, तर तो रवाळ मेणाचा डोंगर होतो. आधी पोत, मग ग्रेन, हा क्रम पाळावा लागतो.

उदाहरण: माहुलीसारखी पार्श्वभूमी

समजा, शहापूरच्या एका स्टुडिओने जोडप्याचा फोटो कॅमेऱ्यावर आयएसओ ८०० ला काढला. जोडपे कापून वेगळे केले आणि मागे एआयने बनवलेले पावसाळी सुळके ठेवले. पुढे भातखाचरे, मध्ये झाडी, मागे कातळ आणि वर ढगाळ आकाश. काम फोटोशॉपमध्ये चालले आहे.

पहिले काम म्हणजे चित्र शेवटच्या मापाला आणणे. पार्श्वभूमी ३६०० पिक्सेलला मोठी करून घ्यायची आणि मगच पुढचे लेयर चढवायचे. आधी ग्रेन टाकून नंतर चित्र मोठे केले, तर ग्रेनचे दाणे फुगून डाग दिसतात.

डिटेल लेयर: खऱ्या कातळाचा फोटो लागतो

पोत हवेतून येत नाही, तो खऱ्या दगडाच्या फोटोतून घ्यावा लागतो. इथे स्थानिक स्टुडिओची बाजू भक्कम आहे. शहापूर-मुरबाडचे डोंगर दख्खनच्या बेसॉल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसल्याने कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात. एआयला सांगूनही तो कधी वाळूच्या दगडासारखा, कधी वितळल्यासारखा कडा काढतो. रस्त्यालगतच्या उघड्या कातळाचे, बांधावरच्या गवताचे आणि चिखलाचे मोबाइलवर काढलेले दहा-बारा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवले, तर ते वर्षभर पुरतात.

कातळाचा फोटो डोंगरावर नवा लेयर म्हणून ठेवायचा आणि त्याचा रंग काढून टाकायचा. मग Filter > Other > High Pass मध्ये त्रिज्या ४ ते ६ पिक्सेल ठेवायची. हा फिल्टर रंग-उजेडाचे मोठे चढउतार काढून फक्त बारीक कडा ठेवतो, त्यामुळे लेयर करडा दिसतो. लेयरचा मोड Soft Light केला की करडा रंग नाहीसा होतो आणि खालच्या डोंगरावर फक्त भेगा उमटतात. मास्कने तो कातळापुरताच ठेवायचा. गवतासाठी गवताच्या फोटोचा वेगळा लेयर करायचा.

आता अंतराचा हिशेब. जवळच्या खाचराच्या बांधावर गवताचा लेयर ५० टक्के अपारदर्शकतेने चालतो. मागच्या सुळक्यावर कातळाचा फोटो आधी लहान करून घ्यावा लागतो आणि लेयर १५ ते २० टक्क्यांवर थांबवावा लागतो. पावसाळी हवेतल्या बाष्पामुळे दूरचे सगळे धूसर दिसते. सुळक्याची प्रत्येक भेग बांधाइतकीच ठळक केली, तर सुळका पुढे सरकतो आणि फोटोची खोली मरते. आकाशाला डिटेल लेयर लावायचाच नाही.

आणखी एक चूक सहज होते. कातळाच्या फोटोत उजेड डावीकडून आणि चित्रात उजवीकडून असेल, तर उंचवटे खड्ड्यांसारखे दिसतात. अशा वेळी पोताचा फोटो आडवा उलटवून घ्यायचा. एकच तुकडा दोन-तीनदा वापरला असेल, तर तीच भेग पुन्हा दिसते का, हेही पाहायचे.

ग्रेन लेयर: अंदाज नको, मोजमाप हवे

सगळ्यात वर ५० टक्के करड्या रंगाने भरलेला लेयर घ्यायचा आणि त्याचाही मोड Soft Light ठेवायचा. त्यावर Filter > Noise > Add Noise मधून ५ टक्के ग्रेन टाकायचा, Gaussian आणि Monochromatic निवडून. मग अर्ध्या पिक्सेलचा Gaussian Blur द्यायचा. कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल आपला पूर्ण रंग शेजारच्या पिक्सेलवरून ठरवत असतो, त्यामुळे खरा ग्रेन सुईच्या टोकाएवढा तीक्ष्ण नसतो. हा हलका ब्लर तोच मऊपणा आणतो.

किती ग्रेन पुरे, हे फोटोच सांगतो. जोडप्याच्या मूळ फोटोत मागे फोकसबाहेरची सपाट भिंत असेल, तर तिच्यावर ५० बाय ५० पिक्सेलचा चौकोन निवडायचा. Histogram पॅनल Expanded View मध्ये उघडला की Std Dev हा आकडा दिसतो. पिक्सेलची उजळता सरासरीपासून किती ढळते, ते तो सांगतो. पॅनलवर उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला, तर त्यावर टिचकी मारून आकडा ताजा करून घ्यायचा.

आपल्या उदाहरणात भिंतीवर हा आकडा ३.२ आला आणि एआयच्या ढगाळ आकाशात, तेवढ्याच उजळतेच्या सपाट भागात ०.७, असे धरू. ग्रेन लेयर चढवल्यावर आकाशाचा आकडा ४.६ झाला, म्हणजे ग्रेन जास्त झाला. लेयरची अपारदर्शकता ७० टक्क्यांवर आणली की तो ३.२ च्या आसपास येतो. काम झाले. जोडपे मोबाइलवर टिपलेले असेल, तर हा आकडा बराच कमी असू शकतो, कारण मोबाइल स्वतःच फोटो गुळगुळीत करतो. मग ग्रेनही तेवढाच कमी हवा.

माणसांच्या त्वचेचे काय?

दोन्ही लेयरच्या मास्कमध्ये माणसे पूर्ण काळी, म्हणजे लेयर त्यांच्यावर लागू नाही. चेहऱ्यावर कातळाचा पोत गेला, तर छिद्रे आणि सुरकुत्या उठून दिसतात. ग्रेन तर त्यांच्या फोटोत आधीच आहे, तो दुप्पट होतो. मास्कची कड एक-दोन पिक्सेल मऊ ठेवावी. नाहीतर केसांभोवती गुळगुळीत वलय राहते आणि कापलेली कड तिथेच पकडली जाते.

फोटोशॉप नसेल तर?

हेच काम मोफत मिळणाऱ्या जिम्पमध्ये होते. Filters > Enhance > High Pass, Filters > Noise > RGB Noise आणि Colors > Info > Histogram या तीन ठिकाणी वरचे मुख्य टप्पे सापडतात. Histogram च्या खिडकीत Std dev तिथेही दिसतो.

काम जमले, हे कसे ओळखायचे?

फोटो १०० टक्के मापावर उघडून नजर माणसाच्या खांद्यावरून मागच्या आकाशाकडे न्यायची. रवाळपणा खांद्याशी थांबत नसेल, तर ग्रेन जुळला. मग २५ टक्के मापावर पाहायचे. डोंगर आधी आणि माणसे नंतर दिसू लागली, तर डिटेल जास्त झाले.

शेवटची परीक्षा फोटो कुठे जाणार याची. अल्बमच्या छपाईत ग्रेन टिकतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो आणि ग्रेन जवळपास पुसला जातो. म्हणून ग्राहकाला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. चौकातल्या फ्लेक्सची गोष्ट आणखी वेगळी. तो लांबून पाहिला जातो, त्यामुळे बारीक ग्रेन दिसतच नाही. तिथे डिटेल लेयरवरच मेहनत घ्यावी.

जे या लेयरने दुरुस्त होत नाही

पोत चढवून आकार सुधारत नाहीत. एकमेकांत वितळलेल्या फांद्या, मध्येच संपणारा बांध, हवेत लटकणारा धबधबा या गोष्टी आधी हाताने दुरुस्त कराव्या लागतात. उलट पोतामुळे त्या अधिक ठळक होतात.

आणि जागा खरी हवी असेल, तर खराच फोटो हवा. माहुलीच्या सुळक्यांत नवरा आणि नवरी नावाचे सुळके आहेत. लग्नाच्या अल्बमला याहून चांगली पार्श्वभूमी कोणती? पण एआयने काढलेले सुळके ते नसतात, कितीही कातळ चढवला तरी. अल्बममध्ये हे खपते, कारण ती हौस आहे. शहापूर-मुरबाडकडे फार्महाउसचे प्लॉट आणि शेतघरे विकली जातात. तिथल्या जाहिरातीत अशीच ‘खरी’ केलेली हिरवळ आणि ओढा छापला, तर घेणारा तो पाहूनच पैसे मोजतो. पोत जितका चांगला जमतो, तितका चित्र एआयचे असल्याचा उल्लेख जास्त गरजेचा होतो. पूर्वी ते प्लास्टिकसारखे दिसणेच लोकांना सावध करत होते. या दोन लेयरनंतर ती खूण उरत नाही.