हुकलेला पंच, उलटलेला दिवस

सोमवारी दुपारी जेवायला जाताना एका कामगाराने हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवलं. बोटाला ग्रीस लागलेलं, यंत्राने ते काही ओळखलं नाही. मागे रांग आणि हातात डबा, त्यामुळे तो तसाच पुढे गेला. महिनाअखेरीस त्याचा सोमवार १९ तास २६ मिनिटांचा निघाला आणि मंगळवार १५ तास २६ मिनिटांचा.

यंत्राला माणूस आत आला की बाहेर गेला हे कळत नाही. ते नोंदवतं फक्त कामगाराचा क्रमांक आणि वेळ. काही यंत्रांवर आत-बाहेरची बटणं असतात, पण गर्दीत ती दाबतो कोण? मग हिशेबाचं सॉफ्टवेअर ओळीने जोड्या लावत जातं: पहिला पंच आत, दुसरा बाहेर, तिसरा आत, चौथा बाहेर.

सोमवारी तो ८:५८ला आला, १:०२ला जेवायला गेला, १:३१ला परतला आणि संध्याकाळी ६:०४ला घरी निघाला. खरं काम ८ तास ३७ मिनिटांचं. त्यातला १:०२चा पंच गळला, तशी ८:५८ची जोडी १:३१शी लागली. ६:०४ एकटा उरला आणि ‘आत’ ठरला. त्याचा जोडीदार मंगळवारी सकाळचा ८:५७! म्हणजे घरी झोपलेल्या माणसाची १४ तास ५३ मिनिटं कामात धरली गेली. मंगळवारी एकही पंच चुकला नाही, तरी जेवणाची २९ मिनिटं काम झाली आणि खरं काम सुट्टीत गेलं. पुढचा पंच हुकेपर्यंत किंवा चुकून दोनदा लागेपर्यंत हे असंच चालतं.

मध्यरात्री हिशेब तोडला तर? दिवसपाळीचं भागेल, पण रात्री दहाला आलेला माणूस सकाळी सहाला जातो, त्याची जोडी मधोमध चिरली जाईल. म्हणून दिवस पाळीप्रमाणे तोडावा, म्हणजे नऊच्या पाळीचा दिवस पहाटे पाचला सुरू करावा. मग चूक त्या एका दिवसापुरतीच राहते. दिवसाचे पंच विषम भरले, तर तास काढूच नयेत. तो दिवस ‘मिस पंच’च्या यादीत टाकून माणसाला विचारावं.

दुरुस्ती करताना क्लार्क बहुधा एकेका दिवसाचे तास हाताने बदलत बसतो. त्याऐवजी गळलेला १:०२चा पंच भरून सोमवारपासून हिशेब पुन्हा चालवला, की पुढचे सगळे दिवस आपोआप सरळ होतात.

विषम-समची ही चाळणी एका ठिकाणी मात्र फसते. दुपारी जातानाचा आणि संध्याकाळचा असे दोन पंच हुकले, तर उरतात ८:५८ आणि १:३१. संख्या सम असल्याने यादीत नाव येत नाही आणि पूर्ण दिवस राबलेल्या माणसाचा निमूटपणे हाफ डे लागतो.