नावं झाकून घेतलेला कौल

तज्ज्ञांची निनावी मतं फेऱ्याफेऱ्यांनी घेणाऱ्या डेल्फी पद्धतीचा पहिला प्रश्नच अंगावर काटा आणणारा होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात जाणकारांना विचारलं, 'सोव्हिएत युद्धनियोजकाच्या जागी तुम्ही असतात, तर अमेरिकेचं शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायला किती अणुबॉम्ब टाकले असते?' सातही जणांना एकमेकांपासून लांब ठेवून पाच प्रश्नावल्या भरून घेतल्या. सुरुवातीचे आकडे ५० ते ५,००० असे विखुरलेले होते, ते शेवटी १६७ ते ३६० वर आले. गुप्ततेमुळे हा प्रयोग थेट १९६३ मध्ये छापून आला.

आकडे जवळ आले म्हणून ते बरोबर ठरतात का? १९७०च्या दशकात हॅरॉल्ड सॅकमन यांनी पद्धतीवर सडकून टीका केली, तीही रँडमध्येच बसून. तरीही वैद्यकीय संशोधनाने ही पद्धत उचलली. बैठकीत ज्येष्ठ माणूस बोलला की बाकीचे माना डोलावतात, आणि हा दबाव टाळायचा तो एक मार्ग होता. प्रत्येक फेरीनंतर सहभागी व्यक्तीला तिने मुद्द्याला दिलेले गुण, गटाचा कल आणि इतरांची निनावी कारणं कळवतात. मग मत बदलायचं की ठाम राहायचं, हे तिनं ठरवायचं.

२००६-०७ मध्ये डेल्फीने ठरवलेली 'कॉस्मिन' यादी इथे बघण्यासारखी आहे. आरोग्य मोजणारी साधनं, म्हणजे बऱ्याचदा प्रश्नावल्याच, नीट पारखली गेली आहेत का हे तपासणारी ही यादी. प्रश्नावल्या तपासायची यादीही प्रश्नावल्या पाठवूनच ठरली! मुद्दा यादीत घ्यायला सहमतीची मर्यादा ६७ टक्के होती. म्हणजे ४० उत्तरांपैकी २६ होकार आले तर मुद्दा अडतो, २७ आले तर बसतो. एका माणसाच्या मतावर मुद्दा आत किंवा बाहेर जातो, म्हणून ही रेषा उत्तरं येण्याआधीच आखावी लागते. नंतर आखली, तर ती हव्या त्या मुद्द्याखालून सहज ओढता येते.

खरी गोम गळतीत आहे. कॉस्मिनसाठी बोलावलेल्या ९१ पैकी ५७ जण तयार झाले, ४३ जणांनी किमान एक फेरी भरली आणि चारही फेऱ्या पुऱ्या केल्या त्या फक्त २० जणांनी. अशी गळती झाली की शेवटची सहमती पटल्यामुळे झाली की न पटणारे निघून गेल्यामुळे, हे टक्केवारी सांगत नाही. सोडून गेलेल्यांची पहिल्या फेरीतली उत्तरं टिकलेल्यांच्या उत्तरांशेजारी ठेवून पाहिली, तर थोडा अंदाज येतो. गुण सरकले पण कारणाच्या रकान्यात कुणीच काही लिहिलं नाही, तर मला तरी कंटाळ्याचाच संशय येतो.

आणि सगळं काही प्रश्नावल्यांवरच सोडतात असंही नाही. यादृच्छिक वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या 'कॉन्सॉर्ट'ची नवी, ३० मुद्द्यांची यादी २०२५ मध्ये आली. तिच्यासाठी तीन फेऱ्यांत ३१७ जणांचा कौल घेतला होता. त्यानंतर निमंत्रित ३० तज्ज्ञांची दोन दिवसांची ऑनलाइन बैठक झाली, आणि तिथल्या चर्चेत कुणाचंही नाव झाकलेलं नव्हतं.