चोवीस तासांची नाडी, एका आकड्यात?

मनगटावरचे घड्याळ दर मिनिटाला नाडी नोंदवत असेल, तर दिवसाला 1440 नोंदी होतात. हिशेबासाठी एक सोपा दिवस धरू: आठ तास झोपेत 56, पंधरा तास जागेपणी 78 आणि तासभर टेकडी चढताना 140. सरासरी येते सुमारे 73. पण त्या दिवसात 73 ही नाडी एकाही मिनिटाला नव्हती! मध्यक, म्हणजे सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी नोंद, 78 येतो. तो निदान खरोखर घडलेला आकडा आहे, पण त्यात झोपेचा मागमूस नाही.

आता पट्टा सैल झाला आणि चार मिनिटे 190 नोंदले गेले असे समजा. मध्यक जागचा हलत नाही, सरासरी जेमतेम 0.3 ने वाढते. कमाल मात्र थेट 190 होते. चालताना-पळताना घड्याळाचा प्रकाश-संवेदक कधीकधी पावलांची लयच नाडी म्हणून मोजतो. श्रमाने वाढलेली नाडी हळूहळू चढते-उतरते; एकदम उडी मारून तशीच परतलेली नोंद संशयास्पद. मात्र हृदयाच्या काही लय-बिघाडांतही अशी उडी दिसते. सोबत धडधड किंवा चक्कर असेल तर ईसीजी काढायलाच हवा.

माझ्या मते प्रामाणिक सारांश एका आकड्यात मावत नाही. झोपेचा मध्यक वेगळा, जागेपणीचा वेगळा लिहा आणि कमाल आकडा आलेख पाहिल्याशिवाय डॉक्टरांना सांगू नका.