एनसी झाली की गुन्हा?

मागच्या भागात फिर्याद कोण देऊ शकतो, हे पाहिले. ठाणे अंमलदार ती कोणत्या वहीत उतरवून घेतो, हा आजचा विषय. समजा, शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत भांडण झाले आणि एकाने दुसऱ्याच्या हातावर काठी मारली. मनगट सुजलेला माणूस ठाण्यात येऊन सांगतो, “मला शिवीगाळ केली, मारहाण केली, बघून घेईन अशी धमकी दिली.” एवढ्यावरून अंमलदार भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही कलमे लावतो. साधी दुखापत, अपमान आणि धमकी हे तिन्ही गुन्हे अदखलपात्र असल्याने एनसी नोंदवली जाते. तक्रारदार तिची प्रत घेऊन घरी जातो आणि पोलीस आता चौकशीला येतील, म्हणून वाट पाहतो. पोलीस येत नाहीत, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अशा प्रकरणाचा तपास करण्याचा अधिकारच त्यांना नाही. दखलपात्र गुन्ह्यात मात्र कलम १७३ खाली प्रथम खबर नोंदवावी लागते आणि तपासाला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

आता तोच माणूस सरकारी दवाखान्यात गेला आणि एक्स-रेत मनगटाचे हाड मोडलेले दिसले, तर प्रकरण बदलते. कलम ११६ मधल्या व्याख्येनुसार हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे आणि ११७(२) खालचा हा गुन्हा दखलपात्र आहे. शिवाय १७४ मध्येच असे म्हटले आहे की अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला, तरी सगळे प्रकरण दखलपात्र समजावे. म्हणजे त्या एका हाडामागून शिवीगाळ आणि धमकीसुद्धा तपासाखाली येतात. हातात काठीऐवजी कोयता असता, तर साध्या जखमेलाही ११८(१) लागून गुन्हा दखलपात्र झाला असता. म्हणून पहिल्या जबाबात ‘बेदम मारले’ या शब्दांनी काहीच साधत नाही. कशाने मारले, कुठे लागले, हात हलतो का, हे सांगितले पाहिजे. दवाखान्यासाठी पोलिसांची यादी तिथेच मागून घ्यावी, आणि हाड मोडल्याचा अहवाल नंतर आला तर तो घेऊन पुरवणी जबाब द्यावा. एनसी झाली म्हणजे दार कायमचे बंद झाले, असे नाही.

यावर कोणी म्हणेल की लोकांना हे समजले, तर जो तो काठीचा कोयता करील. काही जण तसे करतातही, पण ते टिकत नाही. बोथट माराने झालेली जखम आणि धारदार शस्त्राची जखम डॉक्टरला वेगळी दिसते, आणि पहिल्या जबाबातली वाढवून सांगितलेली एक गोष्ट उलटतपासात खऱ्या गोष्टींनाही घेऊन बुडते. जाणूनबुजून खोटी खबर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळेच गुन्हे दखलपात्र का करू नयेत? दखलपात्र गुन्ह्यात तपासाबरोबर वॉरंटशिवाय अटकेचा अधिकारही येतो. बांधावरच्या प्रत्येक शिवीसाठी तो अधिकार पोलिसांच्या हाती देणे मला धोक्याचे वाटते. ही विभागणी तक्रारदाराला जाचक वाटली, तरी उद्या आरोपीच्या जागी तोच उभा असू शकतो.

जामिनाचा प्रश्न यापासून वेगळा आहे आणि इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. मनगट मोडल्याचा गुन्हा दखलपात्र आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरीही तो जामीनपात्र आहे. आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर त्याला सोडावेच लागते. दुसऱ्या दिवशी तो गावात दिसला की ‘पोलिसांनी पैसे खाल्ले’ अशी चर्चा होते. पण नुसत्या सुटकेवरून तसे म्हणता येत नाही. कोयत्याने हाड मोडले असते तर ११८(२) हे अजामीनपात्र कलम लागले असते आणि जामीन हा हक्क न राहता न्यायालयाच्या विवेकावर गेला असता. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असा मात्र अर्थ नाही.

दखलपात्र गुन्हा सांगूनही नोंद नाकारली, तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. प्रकरण खरोखरच अदखलपात्र असेल, तर तपासाच्या आदेशासाठी किंवा खासगी फिर्यादीसाठी थेट दंडाधिकाऱ्याकडेच जावे लागते. त्यात दिरंगाई करू नका: साध्या दुखापतीच्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला एक वर्षाची मुदत आहे, आणि ठाण्यात एनसी पडून आहे म्हणून ती मुदत थांबत नाही.