उत्तर चुकलं तरी गुण मिळतात, पायऱ्या दिसल्या तर

बीएमएस, बीबीए किंवा एमबीएच्या मार्केटिंगच्या पेपरात एखादं गणित असलं की मुलं दोन टोकं गाठतात. काही जण ते सोडूनच देतात. काही जण कॅल्क्युलेटरवर सगळं करून शेवटचा आकडा तेवढा उत्तरपत्रिकेत उतरवतात. दुसऱ्या गटाचं नुकसान मला जास्त खुपतं, कारण त्यांना बहुतेक गणित येत असतं. तपासणाऱ्याकडे आदर्श उत्तराबरोबर गुणांची विभागणी असते, आणि ते गुण पायरीपायरीला वाटलेले असतात. जी पायरी कागदावर नाही, तिचा गुण द्यायचा कुठे?

परीक्षेत येतं तसं एक गणित घेऊ. कोकम सरबताच्या बाटलीची एमआरपी १०५ रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी. किरकोळ दुकानदाराला त्याच्या विक्री किमतीवर २० टक्के मार्जिन आणि वितरकाला त्याच्या विक्री किमतीवर १० टक्के. दोन्ही कर वगळून. कंपनीचा बदलता खर्च बाटलीमागे ४२ रुपये, स्थिर खर्च वर्षाला ६ लाख. दीड लाख नफ्यासाठी वर्षाला किती बाटल्या विकाव्या लागतील? आणि एकूण बाजार वर्षाला ५ लाख बाटल्यांचा असेल, तर त्यात कंपनीचा वाटा किती टक्के हवा? गुण १०.

आपल्याकडे एमआरपी सर्व करांसह छापावी लागते, म्हणून पहिलं काम कर बाजूला काढणं. त्यानंतर दुकानदार, मग वितरक आणि शेवटी कंपनी, असं वरून खाली उतरायचं. कागदावर ते असं दिसायला हवं:

कर वगळून किंमत = १०५ ÷ १.०५ = १०० रु.
दुकानदाराची खरेदी किंमत = १०० × (१ − ०.२०) = ८० रु.
कंपनीची विक्री किंमत = ८० × (१ − ०.१०) = ७२ रु.
बाटलीमागे कॉन्ट्रिब्युशन = ७२ − ४२ = ३० रु.
लागणारी विक्री = (स्थिर खर्च + अपेक्षित नफा) ÷ कॉन्ट्रिब्युशन = (६,००,००० + १,५०,०००) ÷ ३० = २५,००० बाटल्या
बाजारातला वाटा = २५,००० ÷ ५,००,००० × १०० = ५ टक्के

सहा ओळी, आणि प्रत्येकीत डावीकडे त्या आकड्याचं नाव, मधे मांडणी, उजवीकडे उत्तर आणि एकक. लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक पाहा. शाळेत शेकडा नफा नेहमी खरेदी किमतीवर काढायला शिकवतात, आणि ती सवय हातात पक्की बसलेली असते. त्यामुळे विद्यार्थी दुसऱ्या ओळीत १०० ला १.२० ने भागतो आणि ८३.३३ लिहितो. पुढे १.१० ने भागून ७५.७६ येतात. कॉन्ट्रिब्युशन ३३.७६, विक्री सुमारे २२,२१८ बाटल्या, वाटा ४.४४ टक्के. शेवटची दोन्ही उत्तरं चूक.

समजा, दोघांनी हीच चूक केली. एकाने फक्त ‘२२,२१८ बाटल्या, ४.४४ टक्के’ लिहिलं. दुसऱ्याने सहाही ओळी लिहिल्या. पहिल्याचा आकडा कुठून आला हे तपासणाऱ्याला कळायला मार्गच नाही, त्यामुळे तिथे शून्य पडतं. दुसऱ्याच्या कागदावर कर बरोबर काढलेला दिसतो. मार्जिनच्या दोन ओळी चुकल्या, पण पुढे कॉन्ट्रिब्युशन म्हणजे काय, स्थिर खर्चात नफा मिळवायचा, वाटा कसा काढायचा, हे सगळं त्याला येतं, हेही दिसतं. मार्जिनच्या दोन ओळींना एकेक गुण असेल, तर त्याचे दोन गुण जातील आणि आठ मिळतील. चूक एकाच समजुतीतून दोनदा झाली आहे, म्हणून एखादा परीक्षक एकच गुण कापेल. आधीचा आकडा चुकला असला तरी पुढची रीत बरोबर असेल तर तिचे गुण द्यायचे, अशी ही पद्धत आहे.

तिला मर्यादाही आहेत. चुकीमुळे गणिताचा अवघड भागच गळून पडला, तर त्या भागाचे गुण मिळत नाहीत. कर काढायचाच राहिला तर त्या पायरीचे गुण गेले, ते पुढे भरून येत नाहीत. उत्तर अशक्य आलं, म्हणजे कॉन्ट्रिब्युशन उणे किंवा वाटा १२० टक्के, आणि तरी ते तसंच पुढे नेलं, तर परीक्षकाची खात्री उडते. वेळ नसेल तर ‘हे उत्तर शक्य नाही, मार्जिनच्या पायरीत चूक असावी’ एवढी एक ओळ तरी लिहावी. आणि प्रश्नात ‘कृती दाखवा’ असं म्हटलेलं असताना नुसतं बरोबर उत्तर लिहिलं, तरी पूर्ण गुणांची हमी नाही.

गणित संपल्यावर उलट दिशेने पडताळा घ्यावा. २५,००० × ३० = ७,५०,०००; त्यातून ६,००,००० गेले की १,५०,००० उरतात. अर्धं मिनिट जातं, पण २२,२१८ वाल्याला हा पडताळा वाचवणार नाही, कारण त्याचा आकडा त्याच्याच चुकीच्या कॉन्ट्रिब्युशनशी जुळतो. त्याने किमतीकडून पडताळा घ्यायला हवा होता: ८३.३३ ला घेऊन १०० ला विकलं तर मार्जिन १६.६७ रुपये, म्हणजे विक्रीवर २० टक्के नव्हे. तिथे चूक लगेच सापडते.

पेपर देण्याआधी तपासायच्या नेहमीच्या चुका:

- मार्जिन खरेदीवर की विक्रीवर? प्रश्नातला तो शब्द अधोरेखित करा. खरेदीवर २५ टक्के म्हणजे विक्रीवर २० टक्के.
- जीएसटी काढताना १०५ चे ५ टक्के वजा केले तर ९९.७५ येतात. कर मूळ किमतीवर लागतो, म्हणून १.०५ ने भागायचं.
- दोन मार्जिनांची बेरीज. २० आणि १० मिळून ३० टक्के होत नाहीत. १०० चे ७२ उरतात, ७० नव्हेत.
- स्थिर खर्च महिन्याचा आणि विक्री वर्षाची, अशी सरमिसळ.
- अपेक्षित नफा मिळवताना स्थिर खर्चच विसरणं.
- मधल्या पायरीत आकडे गोल करणं. गोल शेवटी करा, आणि बाटल्यांची संख्या नेहमी वर न्या. अपुऱ्या बाटलीने नफा पुरा होत नाही.
- वाटा ४ वरून ५ टक्के झाला तर ‘१ टक्क्याने वाढला’ असं लिहिणं. वाढ एका टक्केबिंदूची आहे, आणि मूळ वाट्याच्या तुलनेत २५ टक्क्यांची.
- रुपये, बाटल्या, टक्के यांपैकी काहीच न लिहिता सोडलेला उघडा आकडा.

प्रश्नात माहिती अपुरी वाटली तर गृहीतक लिहून पुढे जा. ‘मार्जिन विक्री किमतीवर धरलं आहे’ असं आधीच लिहिलेलं असेल आणि प्रश्न खरोखरच संदिग्ध असेल, तर परीक्षकाला त्या वाटेने तुमचं उत्तर तपासता येतं. पहिला प्रयत्न फसला तरी दुसरा पूर्ण होईपर्यंत तो खोडू नका. खोडलेल्या मजकुराला सहसा गुण मिळत नाहीत.

आणि शेवटची घंटा व्हायला आली असेल, तर आकडेमोड सोडा. सूत्र लिहा, त्यात आकडे भरा आणि तिथेच थांबा. (६,००,००० + १,५०,०००) ÷ ३० एवढ्या मांडणीलाही गुण आहेत.