एक तरी चाल हवीच

‘बिज्वेल्ड’ हा तीन रत्नं जुळवण्याचा खेळ २००१ साली आला. त्यात चाली संपल्या की डावही संपायचा. पुढे २०१२ मध्ये आलेल्या ‘कँडी क्रश सागा’त चाल उरली नाही, तर सोंगट्या आपोआप पिसल्या जाऊ लागल्या. खेळणाऱ्याला ही नुसती सोय वाटते. खेळ रचणाऱ्याने मात्र इथे शब्द दिलेला असतो की पटावर एक तरी चाल सापडेलच.

चाल आहे का हे तपासणं सोपं आहे. आठ बाय आठच्या पटावर शेजारच्या सोंगट्यांच्या एकूण ११२ जोड्या होतात. प्रोग्रॅम एकेका जोडीची मनातल्या मनात अदलाबदल करतो, तीन सारख्या जुळतात का बघतो आणि त्या परत जागेवर ठेवतो. एक चाल सापडली की काम झालं. पण ही तपासणी पट पूर्ण स्थिरावल्यावरच करायची. तीन सोंगट्या फुटल्या की वरच्या खाली घसरतात, नव्या येतात, त्यातून पुन्हा तीन जुळून फुटतात. ही साखळी थांबण्याआधीच तपासलं, तर काही क्षणांत मोडणाऱ्या पटाबद्दल निकाल दिल्यासारखं होतं.

खास सोंगट्या आल्या की ‘चाल’ म्हणजे काय हेच बदलतं. पाच सारख्या ओळीत जुळल्या की रंगबॉम्ब मिळतो. तो शेजारच्या कुठल्याही साध्या सोंगटीशी बदलता येतो, तीन जुळायची गरजच नसते. तपासणीत हे धरलं नाही, तर हातात बॉम्ब असताना पट विनाकारण पिसला जातो आणि खेळणारा चिडतो. रास्तच आहे ते.

खरी गोम पिसण्यात आहे. बहुतेक जण आधी असं लिहितात: पिसा, तपासा, चाल नसेल तर पुन्हा पिसा. मोकळ्या पटावर हे बिनबोभाट चालतं. सहा रंगांच्या ६४ सोंगट्यांत एखादा रंग किमान ११ वेळा येतोच. पण वरच्या पातळ्यांत बर्फाखाली किंवा साखळदंडात अडकलेल्या सोंगट्या हलत नाहीत. समजा, आठच सोंगट्या मोकळ्या आहेत आणि कुठलाच रंग तीनदा नाही. मग कितीही पिसलं तरी चाल निघेलच असं नाही. पडद्यावर सोंगट्या नुसत्या फिरत राहतात, खेळ गोठतो.

म्हणून काही प्रयत्नांनंतर नशिबावर सोडणं थांबवून चाल हाताने पेरायची. एका ओळीतल्या तिसऱ्या व चौथ्या घरात लाल सोंगट्या ठेवायच्या, पाचव्यात दुसरा रंग आणि त्या पाचव्या घराच्या बरोबर वर तिसरी लाल. ती खाली ओढली की तीन जुळतात. तीन लाल नसतील, तर एखाद्या साध्या सोंगटीचा रंग बदलायचा. कष्टाने मिळवलेल्या खास सोंगटीला मात्र हात लावायचा नाही. उरलेल्या भरताना आधीच तीन जुळणार नाहीत हेही पाहायचं, नाहीतर पट आपोआप फुटतो आणि पेरलेली चाल त्यातच वाहून जाते. चारही घरं मोकळी असलेली अशी जागाच पटावर नसेल, तर दोष पातळीच्या आराखड्यात असतो आणि तिथे एखादा अडथळा काढावा लागतो.