संदर्भनोंदीत काय राहिलं?

‘नेमाडे, कोसला, पृ. ४५’ एवढ्या नोंदीवरून वाचकाला ते पान सापडेलच असं नाही. पूर्ण नोंद अशी: नेमाडे, भालचंद्र, ‘कोसला’, देशमुख आणि कंपनी, पुणे, पहिली आवृत्ती, १९६३. म्हणजे आडनाव आधी लिहून लेखक, मग शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष. शेवटी पृष्ठांक.

सर्वांत जास्त गळते ती आवृत्ती, आणि माझ्या मते तीच सर्वांत महाग पडते. ‘कोसला’ पुढे मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. नव्याने अक्षरजुळणी झाली की पानं सरकतात, म्हणून आवृत्तीविना पृष्ठांक निरुपयोगी ठरू शकतो. नुसत्या पुनर्मुद्रणात पानं सहसा तीच राहतात. हा तपशील मुखपृष्ठावर क्वचितच मिळतो. शीर्षकपान उलटून त्याची मागची बाजू पाहा.